फोटो बघून विक्रेत्याला 'नकली माल विकतो' म्हणावं का? (सेकंड हँड गिटार) सल्ला हवा

सहावी_तार
जुनी इलेक्ट्रिक गिटार शोधतेय. एका ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात आहे, 'एलपी टाइप, उत्तम स्थिती'. बॉडी थेट गिब्सन लेस पॉलसारखी. दोन गोष्टी खटकल्या. ट्रस रॉडच्या कव्हरला तीन स्क्रू आहेत, आणि पाचही फोटोंत हेडस्टॉकचा वरचा भाग कापला गेलाय. त्याच्या आणखी तीन जाहिराती आहेत, त्यातल्या एकीत हेडस्टॉकवर पुसट केल्यासारखा डाग दिसतो. आमच्या वादकांच्या ग्रुपवर नावानिशी 'हा डुप्लिकेट माल विकतो' असं टाकायचा विचार आहे. टाकू का?

रिफवाला
बिनधास्त टाक. गिब्सनच्या कव्हरला दोनच स्क्रू असतात. तीन दिसले की डुप्लिकेट, विषय संपला.

जुनं_लाकूड
विषय इतक्यात संपत नाही हो. मी गिटारी दुरुस्त करतो, आणि काही वर्षं एका कंपनीसाठी नकली माल ओळखून द्यायचं कामही केलंय. तीन स्क्रूंवरून फार तर 'ही बहुधा गिब्सन नाही' एवढं कळतं. पण ती गिब्सन आहे असं हा माणूस म्हणतोय कुठे?

ट्रेडमार्कच्या दृष्टीने 'नकली' हा फार अरुंद शब्द आहे. बौद्धिक संपदेवरच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या कलम ५१ खाली एक तळटीप आहे, बऱ्याच देशांचे कायदे तिच्याच आसपास फिरतात. तिचा मथितार्थ असा, की मालावर किंवा त्याच्या वेष्टनावर परवानगीशिवाय एखादं चिन्ह लावलेलं असलं पाहिजे. ते चिन्ह त्याच प्रकारच्या मालासाठी नोंदलेल्या चिन्हासारखं हुबेहूब हवं, किंवा मुख्य अंगांनी वेगळं काढता येणार नाही इतकं जवळचं हवं. थोडक्यात, बघायचं ते चिन्हाकडे. लाकूड हलकं आहे की भारी, आवाज कसा आहे, याचा इथे संबंध नाही. उत्तम बनवलेली गिटारसुद्धा नकली असू शकते, आणि अगदी टाकाऊ कॉपी नकली नसू शकते.

तुमच्या फोटोत नेमकं चिन्हच कापलं गेलंय. त्या कापलेल्या भागात 'गिब्सन' असेल, तर प्रकरण गंभीर आहे. दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल, तर ती लुकअलाइक झाली. तिच्यावरही दावा होऊ शकतो, कारण गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल इतपत साधर्म्य हासुद्धा भंग असतो. पण तो वेगळा आरोप आहे. आणि तिथे 'एपिफोन' लिहिलेलं निघालं तर ग्रुपवर हसं होईल, कारण ती गिब्सनचीच कंपनी आहे, १९५७ पासून.

मुक्तछंद
माझ्या मते सोपा नियम आहे. नावात एखादं अक्षर बदललेलं असलं की लुकअलाइक, तसंच्या तसं असलं की नकली.

जुनं_लाकूड
@मुक्तछंद, अर्धं बरोबर. तळटीपेतलं 'मुख्य अंगांनी वेगळं काढता येणार नाही' हे नेमकं अशा अक्षरबदलू लोकांसाठीच आहे. तीच लपेटदार अक्षरं, तोच तिरकेपणा, तोच सोनेरी रंग, आणि शेवटच्या 'न'चा 'म' केलेला. हातभर अंतरावरून कोणाला कळणार? अशा वेळी एका अक्षराच्या आडोशाने वाचता येत नाही. किती बदल पुरेसा याचं माप मात्र कुणाकडेच नाही.

खर्जसाधक
बुटांनाही हाच नियम का? मी घेतलेल्या बुटांना तीनऐवजी चार पट्टे होते, दुकानदार म्हणाला 'कंपनीचेच आहेत'. परत द्यायला गेलो तर घेईना.

सहावी_तार
@खर्जसाधक, बुटांचा वेगळा धागा काढा ना. (पण दुकानदार 'कंपनीचेच' म्हणाला, ते बोलणंच खोटं नाही का? पट्टे राहू देत बाजूला.)

निळा_पिकअप
मी ही चूक केलेली आहे, म्हणून लिहितो. एका माणसाने स्ट्रॅटच्या आकाराची गिटार विकायला ठेवली होती. हेडस्टॉक हुबेहूब फेंडरचा, नाव नाही. मी ग्रुपवर 'लोगो खरवडलेला डुप्लिकेट' असं ठोकून दिलं. नंतर त्याने नेकच्या टाचेचा फोटो टाकला, म्हणजे बॉडीत बसतो तो भाग. तिथे 'फेंडरच्या परवान्याने' असा शिक्का होता. सुटे नेक बनवणाऱ्या काही कंपन्यांना तो आकार वापरायचा परवाना असतो, हे मला माहीतच नव्हतं. पोस्ट काढली, माफी मागितली, पण तोवर स्क्रीनशॉट फिरले होते. वकिलाची नोटीस आली ती वेगळीच.

रिफवाला
मग बॉडीचं काय? बॉडी तर सरळ चोरलेली असते ना!

जुनं_लाकूड
स्ट्रॅटच्या बॉडीवर फेंडरने अमेरिकेत नोंदणी मागितली होती. २००९ मध्ये ती नाकारली गेली. इतक्या कंपन्या इतकी वर्षं तोच आकार बनवत होत्या, की तो एकाच कंपनीची ओळख राहिला नव्हता.

लेस पॉलच्या आकाराची नोंदणी मात्र गिब्सनकडे होती. तिच्या जोरावर त्यांनी पीआरएसच्या सिंगलकट गिटारवर दावा लावला. २००५ मध्ये अपील कोर्टात गिब्सन हरली. विकत घेताना कोणी फसत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं. राहिला मुद्दा एवढाच, की धुराने भरलेल्या बारमध्ये लांबून बघणारा स्टेजवरच्या गिटारीला गिब्सन समजेल. कोर्टाने तो मानला नाही. कापलेले, धूसर फोटो बघून मत बनवणारे आपण त्या बारमधलेच प्रेक्षक.

मुक्तछंद
पण आकार हेच नोंदलेलं चिन्ह असेल, तर नुसता आकार उचलला तरी नकली का म्हणू नये?

जुनं_लाकूड
प्रश्न बरोबर आहे, आणि सरळ उत्तर माझ्याकडे नाही. गिब्सनने २०१९ मध्ये डीन गिटार्सच्या मालकांवर केलेल्या दाव्यात नुसत्या आकारावरूनही नकली मालाचा आरोप होता. वकीलच भांडतायत तिथे आपण ग्रुपवर काय निकाल देणार?

@सहावी_तार, तुम्ही आधी तीन फोटो मागवा. हेडस्टॉक समोरून पूर्ण, मागून सिरीयल नंबरसकट, आणि कव्हर काढून ट्रस रॉडचं टोक. सोबत तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे दुसरीकडून उचललेला फोटो चालणार नाही. सिरीयल नंबर जुळला तरी हुरळू नका, खऱ्या गिटारीवरचा नंबर नकलीवर छापणं सोपं असतं. आणि तीन स्क्रूंचं कव्हर कुणीतरी नंतर बसवलेलं असू शकतं.

सहावी_तार
अपडेट. फोटो आले. हेडस्टॉकवर कधी न ऐकलेलं नाव आहे, वरची कड सरळ, गिब्सनसारखी उघड्या पुस्तकाची खाच नाही. म्हणजे माझी पोस्ट साफ खोटी ठरली असती. पण डागवाल्या गिटारीचा फोटो मागितला तर म्हणतो, 'घ्यायची असेल तर बोला'.

रिफवाला
बघ, म्हटलं नव्हतं!

जुनं_लाकूड
अजूनही काही सिद्ध झालेलं नाही, पण हा डाग मलाही आवडला नाही. लोगो झाकून जाहिरात करायची आणि घरी लोगोसकट पाठवायची, ही जुनी युक्ती आहे. पण काही लोक साइटने जाहिरात उडवू नये म्हणून खऱ्या गिटारीचा लोगोही झाकतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, साइटवर आणि कंपनीला कळवा. खरा-खोटा निवाडा त्यांना जमतो, कारण परवाने कोणाला दिलेत हे त्यांनाच माहीत. ग्रुपवर लिहायचंच असेल तर जे घडलं तेवढंच लिहा: हेडस्टॉकचा फोटो मागितला, दिला नाही.

सहावी_तार
तेवढंच टाकते. आणि पहिली गिटार उद्या वाजवून बघायला जातेय, नाव अनोळखी असलं तरी नेक बरा वाटतोय.

निळा_पिकअप
टाचेचा फोटो काढून आणा!