पाऊणकी पाठ, पण तिसरा हिस्सा अडला

«निमकी-पावकीचे पाढे पाठ असलेल्या आजीला अपूर्णांक शिकायला इतके दिवस का लागावेत?»

माझ्या आईचेही असेच झाले. संध्याकाळी नात खेळायला गेली की आई तिची कार्यपत्रिका गुपचूप पाटीवर सोडवीत असे. १/२ + १/४ म्हणजे पाऊण, हे तिने क्षणात सांगितले, आणि नातीने अंशात अंश व छेदात छेद मिळवून लिहिलेले २/६ अर्ध्याहूनही कमी भरते, म्हणून ते चूक, हेही ओळखले. अडली ती १/२ + १/३ पाशी, कारण तिच्या पाढ्यांत तिसऱ्या हिश्शाला जागाच नव्हती आणि जुन्या रुपयाचे सोळा आणेही, आणा न मोडता, तिघांत सारखे वाटता येत नसत. अखेर तिने डझनभर केळी मनात धरली: अर्धी सहा, तिसरा हिस्सा चार, मिळून बारांपैकी दहा, म्हणजेच ५/६. बाराऐवजी सहा केळ्यांवरही भागले असते, हे तिला आणखी दोन संध्याकाळींनी उमगले.