मदत हवी आहे: मीटरच्या डिस्प्लेवर 187426, माझ्या स्क्रीनवर 584843776

वायरमन_मकरपुरा
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं पॅनेल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात दोन एनर्जी मीटर आहेत. त्यांचे युनिट ईएसपी32 वरून मॉडबसने वाचून रोज मालकांच्या फोनवर पाठवायचे आहेत. वायरिंग ठीक आहे, उत्तर येतं, सीआरसीही जुळतो. पण पहिल्या मीटरचा आकडा भलताच येतोय.

मीटरकडून आलेले डेटाचे चार बाइट छापून पाहिले: 00 02 DC 22. कॅल्क्युलेटरवर 0002DC22 टाकलं तर बरोबर 187426 येतं, म्हणजे मीटर खरं सांगतंय. माझा कोड असा आहे:

```
uint32_t kwh;
memcpy(&kwh, buf + 3, 4);
```

छापल्यावर येतं 584843776. दुसरी गोष्ट आणखी विचित्र. डिस्प्लेवर एक युनिट वाढलं की माझा आकडा एकदम 16777216 ने वाढतो. परवा बिलासाठी आकडे द्यायचे आहेत आणि चुकीचा आकडा मला द्यायचा नाही. कुठे चुकतोय?

कारेलीबागकर
सीटी रेशो तपासा. आमच्या सोसायटीच्या पंपाच्या मीटरला 100/5 चा सीटी होता आणि मीटरमध्ये सेटिंग 200/5 चं. सहा महिने दुप्पट युनिट दिसत होते. तुमच्याकडेही तसंच असणार.

वायरमन_मकरपुरा
काका, सीटी पाहिला, बरोबर आहे. शिवाय रेशो चुकला असता तर डिस्प्लेवरही चुकीचंच दिसलं असतं ना? इथे डिस्प्ले ठीक आहे, माझा प्रोग्राम चुकतोय.

नेटवर्क_नीलेश
हा बाइट ऑर्डरचा मामला आहे. मॉडबस मोठा बाइट आधी पाठवतं, ईएसपी32 लिटल एंडियन आहे. `ntohl(kwh)` लावा, काम झालं. शिफ्ट करून जोडायच्या भानगडीत पडू नका, शिफ्टही मशीनप्रमाणे बदलतं.

फर्मवेअर_ताई
नीलेश, पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा नाही. शिफ्ट आकड्यावर चालतं, मेमरीतल्या मांडणीवर नाही. `x >> 24` म्हणजे सगळ्यात वजनदार बाइट, मग मशीन कुठलंही असो.

वायरमनदादा, मेमरीकडे एकदा स्वतः बघा म्हणजे मनातला गोंधळ जाईल. हे चालवा:

```
uint32_t t = 187426;
uint8_t *p = (uint8_t *)&t;
for (int i = 0; i < 4; i++)
  Serial.printf("%02X ", p[i]);
```

वायरमन_मकरपुरा
आलं: 22 DC 02 00. ताई, मीटरकडून आले तेव्हा 00 02 DC 22 होते. आकडा तोच, मग बाइट उलटे का?

फर्मवेअर_ताई
चार बाइटचा आकडा मेमरीत चार लागोपाठच्या ॲड्रेसवर बसतो. `p[0]` म्हणजे त्यातला सगळ्यात लहान ॲड्रेस. तुमचा ईएसपी32 तिथे आकड्याचं शेपूट ठेवतो, म्हणजे 22. पुढे DC, मग 02, आणि शेवटी 00. हे लिटल एंडियन. बिग एंडियन मशीनवर याच लूपने 00 02 DC 22 छापलं असतं, आपण कागदावर लिहितो त्या क्रमाने.

आता `memcpy` काय करतं बघा. त्याला आकडा कळत नाही, ते बाइट आले तसे ओळीने ठेवतं. मीटरचा पहिला 00 पहिल्या ॲड्रेसवर गेला आणि 22 शेवटच्या. तुमचा प्रोसेसर शेवटच्या ॲड्रेसवरचा बाइट सगळ्यात वजनदार धरतो, म्हणून त्याने 22DC0200 वाचलं. तेच 584843776. एका युनिटने 22 चा 23 होतो, पण तो बसलाय 16777216 वजनाच्या जागी. तुमच्या उडीचं कारण हेच.

`memcpy` काढा आणि असं जोडा:

```
uint32_t kwh = ((uint32_t)buf[3] << 24) |
               ((uint32_t)buf[4] << 16) |
               ((uint32_t)buf[5] << 8)  |
                (uint32_t)buf[6];
```

छापखाना_रावपुरा
एक बाइट वाचण्यावरून माझं सांगतो. जुन्या छपाई मशीनच्या 68000 प्रोसेसरच्या बोर्डावर एक 32 बिटी स्टेटस होता, किंमत कायम 0 ते 9. पीसीवर कोड तपासताना मी त्याच्या ॲड्रेसवरून एकच बाइट वाचायचो, बरोबर 5 यायचा. बोर्डावर चढवलं की कायम 0. चार दिवस मी सेन्सर बदलत बसलो. पीसीवर पहिल्या ॲड्रेसला 05 होता, बोर्डावर 00, आणि 05 तीन घरं पुढे.

फर्मवेअर_ताई
हे फार उपयोगाचं उदाहरण आहे. लिटल एंडियनवर लहान आकड्यात ही चूक दिसतच नाही. तपासताना चारही बाइट वेगळे असतील असा आकडा घ्यावा, मी नेहमी `0x12345678` घेते. एक बाइट वाचून 78 आला तर लिटल, 12 आला तर बिग.

वायरमन_मकरपुरा
पहिलं मीटर बरोबर झालं! डिस्प्लेशी तासभर जुळवून पाहिलं, एकेक युनिटने वाढतंय. ताई, मनापासून आभार.

पण दुसरं मीटर वेगळ्या कंपनीचं आहे. डिस्प्लेवर 61540, तोच नवा कोड लावला तर 4033085440. बाइट आले F0 64 00 00. `ntohl` लावूनही तेच.

नेटवर्क_नीलेश
मग त्या मीटरला काहीच उलटू नका, जुना `memcpy` ठेवा.

फर्मवेअर_ताई
नको, तसं केलं तर 000064F0 वाचलं जाईल, म्हणजे 25840. आकडा खरा वाटेल इतका लहान आहे, त्यामुळे जास्त धोक्याचा.

4033085440 ला 65536 ने भागा, बरोबर 61540 येतं. म्हणजे रजिस्टरच्या आत बाइट ठीक आहेत, F0 मग 64, पण दोन रजिस्टरांची अदलाबदल आहे. मॉडबसने एका 16 बिटी रजिस्टरचा क्रम ठरवला आहे, मोठा बाइट आधी. दोन रजिस्टर मिळून 32 बिट करताना कुठलं आधी, हे मीटर बनवणारा ठरवतो. त्या मीटरला `buf[5]`, `buf[6]` वरच्या जागी आणि `buf[3]`, `buf[4]` खालच्या जागी घ्या. दोन्ही रजिस्टर एकाच विनंतीत वाचा, नाहीतर मधेच आकडा पालटला तर अर्धा जुना, अर्धा नवा मिळेल.

छापखाना_रावपुरा
ताई, एक शंका. 61540 तर 16 बिटांतच मावतो. दुसरं रजिस्टर त्याच आकड्याचं आहे हे कशावरून? ते भलतंच काही असेल आणि आत्ता शून्य असेल तर?

फर्मवेअर_ताई
शंका रास्त आहे. या चार बाइटांवरून ते सिद्ध होत नाही. मॅन्युअलमध्ये रजिस्टरांच्या तक्त्यात लांबी दोन लिहिली आहे का? किंवा त्याच मीटरची 65535 च्या वर गेलेली दुसरी एखादी नोंद आहे का?

वायरमन_मकरपुरा
मॅन्युअलमध्ये फक्त पत्ता आहे, लांबी नाही. बाकीच्या नोंदी सगळ्या लहान आहेत. 65536 व्हायला 3996 युनिट बाकी आहेत आणि या मीटरवर दिवसाला 180 च्या आसपास जातात, म्हणजे साधारण बावीस दिवस. तोवर ताईंनी सांगितलं तसं जोडतो, आणि रोज डिस्प्लेचा फोटो काढून ठेवतो. दुसऱ्या रजिस्टरमध्ये 1 उमटला की इथे येऊन चारही बाइट टाकतो.