टी-हाफ २७ मिनिटं, फंक्शन ४६ टक्के: सहा महिन्यांच्या बाळाची पायलोप्लास्टी आता करावी की थांबावं?

चोपडेकर_बाबा
मुलगा सहा महिन्यांचा आहे. पोटात असतानाच सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज दिसली होती. तिसऱ्या आठवड्यात डीटीपीए नावाचं औषध टोचून किडनीचा स्कॅन केला, त्यात डावीचं फंक्शन ५२ टक्के होतं. आता नाशिकला दुसऱ्या सेंटरवर ईसी या दुसऱ्या औषधाने स्कॅन केला. डावी ४६, उजवी ५४, टी-हाफ, म्हणजे औषध किडनीतून निम्मं उतरायला लागलेला वेळ, २७ मिनिटं, आणि खाली लिहिलंय ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह पॅटर्न’. सोनोग्राफीत किडनीतली लघवीची पिशवी जन्मानंतर दुसऱ्या दिवशी १५ मिमी होती, तीन महिन्यांनी १९, आता २२. बाळाला काही त्रास नाही, वजन वाढतंय. जळगावचे एक डॉक्टर म्हणतात पायलोप्लास्टी, म्हणजे किडनीतून निघणाऱ्या नळीचा अरुंद भाग काढायचं ऑपरेशन, करून टाका, दुसरे म्हणतात थांबा. घरात दोन तट पडलेत. काय करावं?

फार्मसीवाला_शिरपूर
यात विचार काय करायचा? टी-हाफ दहाच्या आत म्हणजे नॉर्मल, दहा ते वीस मधलं, वीसच्या वर म्हणजे अडथळा. तुमचं २७ आहे. शिवाय फंक्शन ५२ वरून ४६ वर आलंय, सहा टक्के पडलं. अजून कशाची वाट बघायची? लहानपणी टाके लवकर भरतात, उरकून टाका.

आप्पा_धुळे
भाऊ, ४६ टक्के म्हणजे पस्तीसला पास असलं तरी निम्म्याहून जास्त किडनी गेलीच ना? माझ्या मेहुण्याला मुतखडा झाला होता, त्याला भरपूर पाणी पाजलं आन खडा पडला. बाळाला पाणी पाजता का?

रावेरकर
आप्पा, आधी तुमचंच घेतो, कारण ही समजूत निम्म्या घरांत असते. ४६ हा त्या किडनीचा निकाल नाही, तो वाटा आहे. दोन्ही किडन्यांनी मिळून जेवढं काम केलं, त्यातलं डावीने ४६ आणि उजवीने ५४ केलं. ४५ ते ५५ हा नेहमीचा वाटा, म्हणजे डावी अगदी रांगेत आहे. याच कारणामुळे दोन्ही बाजूंना आजार असेल तर हा आकडा फसवतो, तिथे ५०-५० दिसूनही दोन्ही खराब असू शकतात. इथे उजवी चांगली आहे, म्हणून वाट्यावर भरवसा ठेवता येतो. आणि अंगावरच्या बाळाला वरून पाणी पाजू नका, हा मुतखडा नाही.

आता शिरपूरच्या भाऊंचं. दहा आणि वीसचा नियम खरा आहे, पण तो २७ आला कसा हे पाहिल्याशिवाय लावायचा नसतो. मी बरीच वर्षं न्यूक्लिअर मेडिसिन विभागात गॅमा कॅमेऱ्यावर काम केलं आहे, म्हणून चोपडेकरांना तीन गोष्टी विचारतो. बाळाला लघवीची नळी घातली होती का? लघवी वाढवणारं लॅसिक्स कधी दिलं? आणि शेवटी बाळाला उभं धरून उशिराचं चित्र घेतलं का, त्यात किती शिल्लक होतं?

चोपडेकर_बाबा
नळी नव्हती. लॅसिक्स २० मिनिटांनी दिलं. बाळ झोपलं होतं, मशीनवरून काढेपर्यंत डायपर कोरडाच होता. मग त्यानं भरपूर लघवी केली. नर्सबाईंनी मला त्याला खांद्याशी उभं धरून फिरवायला सांगितलं, त्यानंतर तासाभराच्या सुमाराला परत एक चित्र घेतलं. रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर आहे: लॅसिक्सनंतर २० मिनिटांनी डाव्या बाजूला ६८ टक्के शिल्लक, उशिराच्या चित्रात २१ टक्के. हे पान मला कोणी समजावलं नव्हतं.

रावेरकर
हेच पान बघायचं होतं. मूत्राशय भरलेलं असेल तर वरून येणारी लघवी उतरायला नाखूश असते. बाळ झोपलेलं, आडवं, डायपर कोरडा, नळी नाही. अशा वेळी किडनीखालची नळी निरोगी असली तरी निचऱ्याचा वक्र रेंगाळतो. त्यात तुमची पिशवी २२ मिमीची. टाकी मोठी आणि नळ तोच, तर रिकामी व्हायला वेळ लागणारच, त्याला चोंदलेला नळ म्हणत नाहीत.

आणखी एक. टी-हाफ कुठून मोजायचा यावर एकमत नाही. कुणी लॅसिक्स दिल्यापासून मोजतं, कुणी वक्र खाली यायला लागल्यापासून. लॅसिक्सचा जोर यायलाही वेळ लागतो, साधारण पंधरा मिनिटांनी तो पूर्ण चढतो. म्हणून काही सेंटर ते स्कॅनच्या सुरुवातीलाच देतात, काही पंधरा मिनिटं आधी. एका सेंटरचा २७ दुसरीकडे १९ येऊ शकतो. पूर्ण अडलेल्या किडनीचा वक्र चढतच राहतो, लॅसिक्सला दाद देत नाही, आणि बाळाला उभं केल्यावरही चित्र तसंच भरलेलं दिसतं. तुमचा ६८ वरून २१ वर आला. याला मी अडथळा म्हणणार नाही. मंद निचरा म्हणेन.

फार्मसीवाला_शिरपूर
बरं, वक्र सोडा. पण ५२ वरून ४६ त्याचं काय? ते तर वाट्याचंच आहे ना?

रावेरकर
ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेच नाहीत. पहिला स्कॅन तिसऱ्या आठवड्यात झाला. त्या वयात किडनी कच्ची असते, म्हणून निदान चार-सहा आठवडे थांबायची पद्धत आहे. त्यात डीटीपीए. ते फक्त गाळणीतून जातं आणि एका फेरीत रक्तातून थोडंच उचललं जातं, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या चित्रात आजूबाजूचा धूसरपणा फार असतो. ईसी नलिकांमधूनही उचललं जातं, चित्र स्वच्छ येतं. शिवाय किडनीभोवती रेघ कोण, कशी ओढतो आणि मागचा धूसरपणा किती वजा करतो, यावर दोन-चार टक्के सहज इकडेतिकडे होतात. सुजलेल्या किडनीचा वाटा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो. मला तर तो ५२ च संशयास्पद वाटतो, ४६ नाही.

साक्रीवाला
मी बालशल्यचिकित्सक आहे. रावेरकरांचं स्कॅनबद्दलचं सगळं मान्य, निष्कर्ष मान्य नाही.

उशिराच्या चित्रात पिशवी रिकामी झाली, म्हणजे पूर्ण अडथळा नाही एवढंच सिद्ध झालं. ती रिकामी होताना आत दाब किती होता हे तो कॅमेरा सांगत नाही. निचरा बरा दिसणाऱ्या मुलांचंही फंक्शन पुढे पडलेलं मी पाहिलं आहे. सोनोग्राफीकडे कुणीच बघत नाहीये. दुसऱ्या दिवशीचे १५ सोडून द्या, पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवीच कमी असते, पिशवी खोटी लहान दिसते. पण १९ वरून २२ झालेत, ते खाली तर आले नाहीत.

आणि खानदेशाचा हिशेब वेगळा आहे. मुंबईच्या पेशंटला ‘तीन महिन्यांनी या’ म्हटलं तर तो येतो. चोपड्याहून नाशिकला जायचं, बाळाला उपाशी न ठेवता पण शांत ठेवून स्कॅन करायचा, रात्री परत यायचं. केळीची कापणी निघाली, घरात लग्न निघालं की फेरी चुकते. बाळ हसतं-खेळतं असतं, दुखत काहीच नाही. दोन वर्षांनी तेच मूल ३० टक्के घेऊन येतं. पायलोप्लास्टी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा यशस्वी होते, अरुंद तुकडा काढून नळी पुन्हा जोडायची, आत स्टेंट, तो चार-सहा आठवड्यांनी काढायचा. नजर ठेवता येणार नसेल तर मी करून टाकतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

निशा_भुसावळ
आमची मुलगी याच वाटेने गेली, म्हणून लिहिते. तिचा वाटा ४३ होता, थांबा म्हणाले. पहिली दोन बोलावणी आम्ही पाळली, मग सासूबाईंचं आजारपण आलं आणि राहून गेलं. ती तीन वर्षांची असताना तापाच्या निमित्ताने सोनोग्राफी झाली, मग स्कॅन. २९. ऑपरेशन केलं, वर्षाने ३१. गेलेलं परत आलं नाही, पण पुढे पडायचं थांबलं. एक सांगते, ऑपरेशननंतरही पिशवी सैल दिसतेच आणि टी-हाफ १८ आला तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो होतो. डॉक्टरांनी समजावलं की सैल झालेली पिशवी लगेच आवळत नाही, वाटा टिकलाय ते बघा.

रावेरकर
ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत ‘थांबा’ हा सल्ला चुकला असं मला वाटत नाही, मधली नजर सुटली. साक्रीच्या डॉक्टरांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. फक्त एवढंच की गर्भात दिसलेल्या अशा सुजांपैकी बऱ्याच आपोआप बसतात किंवा आहेत तशा राहतात, चारापैकी साधारण एकाच मुलाला पुढे ऑपरेशन लागतं. लांब राहतो म्हणून उरलेल्या तिघांना भूल द्यायची?

साक्रीवाला
पंचवीस मिमीच्या आसपासच्या पिशवीला ‘चारापैकी एक’ लागू होत नाही. सूज जितकी मोठी तितकी शक्यता वाढते. तुमच्या त्या आकड्यात दहा-बारा मिमीवाली मुलंही मोजलेली असतात.

रावेरकर
हे बरोबर आहे. मग चोपडेकरांसाठी आकडे ठरवून घेऊ. तुम्ही कशावर ऑपरेशन कराल?

साक्रीवाला
वाटा ४० च्या खाली गेला तर. किंवा त्याच सेंटरवर, त्याच ईसीने, नळी घालून केलेल्या दोन स्कॅनमध्ये दहा अंकांनी पडला तर. सोनोग्राफीत पिशवी वाढत गेली आणि किडनीचा गर पातळ होऊ लागला तर स्कॅनच्या आकड्याची वाटही बघणार नाही. आणि तापासकट लघवीचं इन्फेक्शन झालं तर. काही सहकारी पाच अंकांच्या घसरणीवरच करतात, मी पाचाला मशीनची चूक धरतो.

चोपडेकर_बाबा
गराबद्दल रिपोर्टमध्ये ‘जाडी जपलेली’ असं लिहिलंय, कॅलिसेस, म्हणजे किडनीतल्या लघवी गोळा करणाऱ्या छोट्या वाट्या, फुगलेल्या. मी थांबायला तयार आहे, पण पुढचा स्कॅन कधी? वडील म्हणतात कशाला पुन्हा पुन्हा बाळाला सुया.

रावेरकर
सोनोग्राफी तीन महिन्यांनी, जळगावलाच, त्याच डॉक्टरकडे, लघवी झाल्यावर. ती बिघडली तरच स्कॅन. सोनोग्राफी स्थिर असताना बाळाला परत मशीनवर झोपवायची गरज मला दिसत नाही.

साक्रीवाला
इथे मी सहमत नाही. तुमचा पहिला स्कॅन बाद झाल्यावर हातात एकच खरा आकडा उरतो, ४६. तो घसरतोय की टिकलाय हे एका आकड्यावरून कळत नाही. सोनोग्राफी कशीही असो, चार-सहा महिन्यांत नाशिकच्या त्याच सेंटरवर एक स्कॅन कराच, आणि या वेळी नळी घालायला आधीच सांगून ठेवा. मधल्या काळात सर्दी-खोकला नसताना ताप आला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी लघवी तपासा. तान्ह्या बाळाच्या चिकटपिशवीतल्या नमुन्यात बाहेरचे जंतू येतात, तेव्हा कल्चर नळीनेच घ्यायला लावा.

आप्पा_धुळे
म्हंजे पास शे नं पोऱ्या? मग आता वडिलांले मीच सांगस.