मदत हवी आहे : पुण्याच्या जुन्या मंडईचा इतिहास गाळ्यांवरून कसा शोधावा?

नमस्कार. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरणारा बाजार १८८६ मध्ये रे मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, इमारतीत आला; तेव्हा गाळे कोणाला मिळाले आणि बाहेर कोण राहिले, याचा शोध मला घ्यायचा आहे. आधी नगरपालिकेचे ठराव व भाडेनोंदी वाचायच्या, मग अष्टकोनी मनोऱ्याभोवतीच्या गाळ्यांचा नकाशा काढून तो समोर ठेवूनच वयस्कर गाळेधारकांशी बोलायचे, असा क्रम ठरवला आहे, कारण नुसते ‘पूर्वी कसे होते?’ असे विचारले की उत्तर मोघम येते. मात्र भाडेनोंदीत भाडेकरूचेच नाव असते. टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या बायका तिथे कशा सापडणार? त्यांच्यासाठी कोणती कागदपत्रे पाहावीत, आणि गाळ्यांचे क्रमांक बदलले असल्यास जुने-नवे कसे जुळवावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.