मदत हवी आहे: ताईची माफी मागायची आहे, पण ती सहीसाठी वाटू नये

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, ताईचं आणि माझं नाव लागलं. गेल्या रविवारी जेवताना हक्कसोडपत्राचा विषय निघाला. ताई एवढंच म्हणाली, "मला जरा विचार करू दे." आणि मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "लग्नात तुझा वाटा दिलाय की, आता कशाला येतेस मागायला?"

तिने हातातली भाकरी ताटात ठेवली, हात धुतले आणि भाचीला घेऊन निघाली. आईने भरलेला लोणच्याचा डबा ओट्यावरच राहिला.

बोललो ते चूकच, शिवाय खोटंही. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे आणि लग्नखर्चाने तो फिटत नाही, हे मला माहीत होतं. बाबांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात तीच बसायची, मी नाही.

फोन ती उचलत नाही. मेसेज लिहिला होता, "ताई, रागात बोललो, मनावर घेऊ नकोस." पाठवला नाही. त्यात चूक तिच्याच मनाची ठरते असं वाटलं. आता असं लिहिलंय: "ताई, वाट्याबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं आणि सगळ्यांसमोर बोललो. चुकलो. कागदाचा विषय मी बंद केलाय."

हे आधी पाठवू की डबा घेऊन थेट तिच्या घरी जाऊ? भाऊजींसमोर बोलावं का? आणि आईला सोबत नेलं तर ताईवर दडपण येईल का?