मदत हवी आहे : सुरुवातीचे अभिवादन एकाच श्रोत्याशी बोलल्यासारखे कसे करावे?

आर्जवी : घरी दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मी पॉडकास्ट करते. पुढचा भाग बरा होतो, परंतु सुरुवातीची वीसेक सेकंदे सभेतल्या भाषणासारखी ऐकू येतात. सध्या मी असे म्हणते : "नमस्कार श्रोतेहो! आजच्या भागात तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. आपल्यापैकी अनेकांनी विचारलेल्या प्रश्नावर आज बोलू या." ऐकणारी व्यक्ती बहुधा एकटी असते आणि रुग्णाचा डोळा लागल्यावर इअरफोन लावून ऐकत असते. हे आपल्याशीच बोलणे चालले आहे असे तिला वाटावे, यासाठी शब्द बदलावेत की आवाज?

मुसाफिर : 'तुम्ही' सोडून सरळ 'तू' म्हणावे. मैत्रिणीशी बोलताना आपण 'तुम्ही' म्हणत नाही.

कानसेन : मी बरीच वर्षे रेडिओवर निवेदन केले आहे. 'तू'मध्ये जवळीक आहे हे खरे, परंतु 'तू आलास' म्हणायचे की 'तू आलीस' हे लगेच ठरवावे लागते, आणि जे ठरवाल त्याने काही श्रोते बाहेर राहतात. शिवाय ऐकणारी व्यक्ती वयाने मोठी असेल तर तिला ते खटकेल. 'तुम्ही आलात' हे एका माणसालाही शोभते आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही. परकेपणा येतो तो 'श्रोतेहो', 'सर्वांचे' आणि 'आपल्यापैकी अनेकांनी' यांमुळे, कारण यातल्या प्रत्येक शब्दाबरोबर एकट्या बसलेल्या माणसाला आजूबाजूला गर्दी असल्याचे जाणवते. तिसरे वाक्य "मला एका पत्रात कोणीतरी विचारले होते" असे केलेत, तर विचारणारा एक, सांगणारा एक आणि ऐकणाराही एक राहतो.

ध्वनिवेडा : शब्दांत फार अडकू नका. मायक्रोफोन तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरवर घ्या. एका दिशेने ऐकणारे मायक्रोफोन जवळून बोलल्यास खर्जाचा भाग वाढवतात आणि आवाज आपोआप कानाशी आल्यासारखा वाटतो.

कानसेन : आवाज भारदस्त होईल, पण खोलीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोललात, तर तेच जोरदार बोलणे अधिक जवळून अंगावर येईल. मायक्रोफोन जवळ आणायचा तर आवाजही तितकाच खाली आणावा लागतो, आणि 'प', 'फ', 'भ' यांचा फुत्कार टाळण्यासाठी तोंड किंचित तिरके ठेवावे लागते.

आर्जवीताई, खरी गोम पहिल्या शब्दातच आहे. शांततेतून एकदम 'नमस्कार' म्हणताना आवाज वर चढतो आणि शब्द ताणला जातो. त्यावर उपाय म्हणून अभिवादनाच्या आधी एक वाक्य प्रत्यक्ष माणसाशी बोलल्यासारखे उच्चारावे, उदाहरणार्थ "अहो, बसा जरा, तुम्हाला एक सांगायचे होते", आणि त्याच श्वासात पुढे जावे. संपादनात ते वाक्य कापून टाकावे. दुसरा मार्ग म्हणजे अभिवादन सगळ्यात शेवटी ध्वनिमुद्रित करणे, कारण तोवर आवाज स्थिरावलेला असतो. नंतर अभिवादन आणि मधले एखादे मिनिट लागोपाठ ऐकावे. दोन वेगळी माणसे बोलत आहेत असे वाटले, तर अभिवादन अजून जमलेले नाही.

सांजवात : आम्ही दोघी मिळून कार्यक्रम करतो. आम्ही एकमेकींशी बोलत असताना श्रोत्याला कसे सामावून घ्यावे? आमच्या हसण्यात तो बाहेर राहतो, अशी तक्रार येते.

कानसेन : तुमचा प्रश्न वेगळा आहे. सुरुवात एकीनेच करावी आणि दुसरीने ती पूर्ण होईपर्यंत थांबावे, एवढे तरी पाळावे. पुढचे मला नीट सांगता येणार नाही. मी नेहमी एकटाच बोललो.

मुसाफिर : पण मग अमीन सयानींचे काय? १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ते 'बहनों और भाइयों' म्हणत होते. ते तर अनेकवचनच होते, तरी प्रत्येकाला ते आपलेच वाटत.

कानसेन : तेव्हा एका रेडिओभोवती सगळे घर बसत असे, त्यामुळे ते संबोधन समोरच्या दृश्याला धरून होते, असे मला वाटते. तरीही केवळ तेवढ्याने त्यांच्या आवाजातील आपुलकीचा उलगडा होत नाही, हे मान्य करतो.

आर्जवी : सर्वांचे आभार. आता असे लिहिले आहे : "नमस्कार. तुम्ही आलात, बरे वाटले. मला एका पत्रात कोणीतरी विचारले होते की, रात्री दर दोन तासांनी उठावे लागत असेल, तर स्वतःची झोप कशी भरून काढायची. त्याविषयी बोलू या." आधी "दमला असाल ना?" असे वाक्य घातले होते, परंतु तेव्हा ऐकणारी व्यक्ती दमलेली नसेल तर तिला मी दुसऱ्याच कोणाशी बोलते आहे असे वाटेल, म्हणून ते काढले. 'शुभ रात्री'ही वगळले, कारण हा भाग कोणी सकाळीही ऐकेल.

एक शंका उरते. पत्र लिहिणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव घेतले, तर इतरांना आपण वगळले गेलो असे वाटेल का?

कानसेन : पत्रातील अडचण तपशिलाने सांगितलीत, तर तीच अडचण असलेल्यांना ते स्वतःचेच पत्र वाटते, हा माझा अनुभव आहे.

मुसाफिर : माझा अनुभव उलट आहे. निवेदक नावे वाचू लागला की मी तो भाग पुढे ढकलतो.