मदत हवी आहे: वचन मोडण्यात बँकेचा फायदा असेल, तर हात बांधून घेण्यात काय हशील?

रावपुरा_मुलगी: बडोद्यात एम.ए. करतेय. मध्यवर्ती बँक महागाई शून्य ठेवायचं वचन देते, त्यावरचं अर्थतज्ज्ञ बारो-गॉर्डनचं (१९८३) गणित अडलंय. बँकेचं नुकसान असं धरलंय:

`L = π²/2 − 5(π − πe)`

π खरी महागाई, πe लोकांनी धरून चाललेली. खरी महागाई धरलेल्यापेक्षा जास्त निघाली की उत्पादन वाढतं, म्हणून तेवढं नुकसान वजा. लोकांनी ० धरली आणि बँकेने ५ होऊ दिली, तर L उणे १२.५. वचन पाळलं तर L शून्य. म्हणजे मोडणंच फायद्याचं! मग मोकळीक असलेली बँक जास्त सुखी का नाही?

मकरपुरा_वर्कशॉप: सूत्र कळलं नाही, पण आमच्याकडे पगाराचा करार तीन वर्षांचा असतो. कामगार पुढची भाववाढ धरूनच आकडा मागतात. बँक काय बोलली ते कोणी विचारत नाही, तेलाचा डबा कितीला झाला ते बघतात.

जुना_मास्तर: ताई, उत्तर या दादांच्या करारातच आहे. πe काहीही असो, मोकळ्या बँकेला दर वेळी ५च सोयीचे पडतात. हे कामगारांनाही कळतं, म्हणून करारात ५ आधीच येतात. लोक फसत नाहीत, उत्पादन वाढत नाही, L मात्र १२.५. तुमचं उणे १२.५ लोक बेसावध असतील तरच मिळतं. आणि लोकांनी ५ धरलेले असताना बँक एकटीच शहाणी होऊन ० वर अडून बसली, तर L थेट २५, म्हणजे मंदी. म्हणून नुसता चांगला हेतू पुरत नाही. मोडताच येणार नाही असं वचन असेल, तरच लोक ० धरतात.

ग्वाल्हेरकर: मग कडक गव्हर्नर नेमा, झालं!

जुना_मास्तर: अर्थतज्ज्ञ रोगॉफने १९८५ मध्ये जवळपास हेच सुचवलं. पण गव्हर्नर बदलतो, आणि फार कडक माणूस तेलाचे भाव भडकल्यावर उत्पादनाचा बळी देतो. म्हणून न्यूझीलंडने १९८९ साली महागाई आवरण्यासाठी कायदाच केला. आपल्याकडे २०१६ पासून कायद्यातच महागाईचं लक्ष्य आलं. ते ४ टक्के ठरलं, मर्यादा २ ते ६. सलग तीन तिमाही सरासरी बाहेर गेली की रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची.

ग्वाल्हेरकर: २०२२ मध्ये तेच झालं. पत्र गेलं, जाहीरही केलं नाही. हात बांधले कुठे?

जुना_मास्तर: पत्र उघड करायला हवं होतं, हे माझंही मत. पण तेव्हाची महागाई बरीचशी युद्धामुळे भडकलेल्या तेल-धान्याची होती. या गणितातला मोह वेगळा. वचन सैल पडलं का, हे लोक पुढच्या वर्षाची महागाई किती धरतात त्यावरून कळतं. रिझर्व्ह बँकेच्या घरोघरच्या सर्वेक्षणात मात्र तो आकडा ४च्या बराच वर असतो. तिथे मकरपुऱ्याच्या दादांचं म्हणणं खरं ठरतं.

रावपुरा_मुलगी: २५चा आकडा मी काढलाच नव्हता, आता उलगडलं. पण लक्ष्य दर पाच वर्षांनी सरकारच ठरवतं. निवडणुकीआधी उत्पादन वाढवायचा मोह तर सरकारलाच जास्त. मग त्याचे हात कोण बांधणार?